राउटरची पॉवर ‘हाय’, फोनला फुल दांड्या, तरी अपलोड मेलेलं. नेमकं काय चुकतंय?

घोडबंदरकर

ठाण्यात घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर थ्री बीएचके. बिल्डिंग मायवानची, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. फायबर मुख्य दाराजवळच्या शाफ्टमधून येते, म्हणून राउटर हॉलमध्ये दाराशेजारी. मागची बेडरूम तिथून तीन भिंती पलीकडे आणि ऑफिसचे कॉल तिथूनच होतात.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी आहे. २.४ गिगाहर्ट्झची पॉवर वाढवून २७ डीबीएम केली आहे. बेडरूममध्ये फोनला चारपैकी चार दांड्या दिसतात. व्हिडिओ बघायला काही अडचण नाही. पण कॉलवर मला सगळे नीट ऐकू येतात आणि माझा आवाज मात्र तुटतो. दार लावलं की आणखी वाईट. कधीकधी फोन नव्याने जोडताना ‘पासवर्ड तपासा’ म्हणतो, पासवर्ड तर बरोबर आहे. हॉलमध्ये यातलं काहीच होत नाही.

पॉवर ३० पर्यंत नेता येते. नेऊ का?

चिकूशेक

अपलोड कमी म्हणजे प्लॅनच तसा असणार. १०० खाली, १० वर असे प्लॅन असतात. कंपनीला फोन करा.

घोडबंदरकर

@चिकूशेक, हॉलमध्ये त्याच फोनवर दोन्ही बाजूंना ९० च्या पुढे मिळतं. प्लॅनचा प्रश्न नाही.

तारायंत्र

३० वर नेऊ नका. तुमचं दुखणंच ते आहे.

राउटर २७ डीबीएमने बोलतोय, म्हणजे अर्धा वॅट. फोन साधारण १२ ते १७ च्या मध्ये कुठेतरी बोलतो. १४ धरा, म्हणजे पंचवीस मिलिवॅट. मधल्या तीन भिंती जाताना जेवढं खातात तेवढंच येताना खातात, त्यात दुजाभाव नाही. त्यामुळे फोनला राउटर जितका ऐकू येतो त्याच्या तेरा डीबी खाली राउटरला फोन ऐकू येतो. तेरा डीबी म्हणजे वीसपट फरक.

दांड्या फक्त ‘फोनला राउटर किती ऐकू येतो’ एवढंच सांगतात. उलट बाजूची दांडी कुठल्याच फोनवर नसते. पॉवर वाढवली की दांड्या वाढतात, फोन राउटरला मात्र आधी जेवढा ऐकू येत होता तेवढाच येतो. मंडळाच्या भोंग्यावरून घोषणा पाच गल्ल्या ऐकू गेली म्हणून पाचव्या गल्लीतल्या आजोबांचं ‘काय म्हणालात?’ मांडवात पोहोचत नाही.

तुमची तिन्ही लक्षणं याच रोगाची आहेत. व्हिडिओ बघताना फोनला परत पाठवायचं असतं ते थोडं. वाय-फायची पोच तर अगदी छोटी आणि मुद्दाम सावकाश दराने जाते, म्हणून ती कशीबशी पोहोचते. कॉलमध्ये आवाज आणि चित्र सलग वर जायला हवं, तिथे गाडी अडते. आणि पासवर्डचं म्हणाल तर जोडणी होताना राउटर आणि फोन यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण असते. फोनचा दुसरा निरोप राउटरपर्यंत आलाच नाही तर राउटर कंटाळून जोडणी तोडतो. फोनला कारण कळत नाही, तो बिचारा पासवर्डवर खापर फोडतो.

आधी मोजा, मग ठरवू. फोन बेडरूममध्ये ठेवून कॉल चालू करा आणि राउटरवर हे चालवा:

```
iw dev
iw dev phy0-ap0 info
iw dev phy0-ap0 station dump
logread | grep hostapd
```

पहिल्या कमांडमध्ये तुमच्या इंटरफेसचं नाव वेगळं दिसलं तर पुढे ते घाला. त्याच वेळी फोनवर एखादं वाय-फाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप उघडून फोनला दिसणारा आकडा लिहून ठेवा. दोन्ही इथे टाका.

नेरुळचे नाना

माझ्या राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्ट २ अँपियरचा आहे. तो १ अँपियरचा लावला तर पॉवर कमी होईल का? जुना एक पडून आहे.

तारायंत्र

@नाना, नको नको! ती वेगळी पॉवर. कमी अँपियरचा अडॅप्टर लावलात तर लोड आला की राउटर रीस्टार्ट होत बसेल. आपण अँटेनातून निघणाऱ्या रेडिओच्या ताकदीबद्दल बोलतोय. ती सेटिंगमध्ये बदलते.

कोपरखैरणे लोकल

नाना म्हणजे नाना 😄

अँटेनाप्रेमी

तारायंत्र यांचं पटलं, पण पॉवर कमी करण्यापेक्षा ९ डीबीआयचे मोठे अँटेना लावा. अँटेना ऐकायलाही मदत करतो, नुसता बोलायला नाही. दोन्ही बाजू सुधारतील.

वैदेही_महापे

अर्धं बरोबर आहे. अँटेनाचा फायदा जाता-येता सारखाच मिळतो. अ‍ॅम्प्लिफायर फक्त जाताना जोर लावतो. म्हणून दोघांत निवड करायची तर अँटेना केव्हाही बरा.

पण ९ डीबीआयची दांडी ताकद निर्माण करत नाही, वरखालची काढून आडवी पसरवते. एकाच मजल्यावर ते चालून जातं. रो-हाऊस किंवा ड्युप्लेक्स असेल तर वरचा मजला आणखी कोरडा पडतो. शिवाय आडवी पसरली की तुमच्याच मजल्यावरचे शेजारीही राउटरला जास्त ऐकू येतात. त्यांचा गोंगाट वाढला तर मिळालेला फायदा त्यातच जातो. बऱ्याच घरगुती राउटरचे अँटेना निघतही नाहीत.

आणि @तारायंत्र, तेरा डीबी फरक म्हणजे तेरा डीबी नुकसान असं सरळ नाही. राउटरला ऐकायला चार अँटेना असतील तर तो चौघांचं ऐकलेलं एकत्र करतो, त्यातून सहा डीबीपर्यंत मिळू शकतात. फोनलाही दोन असतात म्हणून निव्वळ फायदा त्याहून कमी. तरी राउटर फोनपेक्षा तीन-चार डीबी वर असला तर बिघडत नाही. अगदी बरोबरीत आणायचा हट्ट नको.

तारायंत्र

@वैदेही, मान्य. तीन ते सहाचा फरक मी पण सोडून देतो. दहाच्या वर गेला की त्रास सुरू.

घोडबंदरकर

मोजलं. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये −६४. राउटरवर:

```
signal:      -78 [-80, -82] dBm
tx bitrate:  162.0 MBit/s MCS 12 40MHz
rx bitrate:  27.0 MBit/s MCS 1 40MHz
```

`tx retries` चा आकडा बघताबघता वाढतो. लॉगमध्ये `did not acknowledge authentication response` तीनचार वेळा आणि एकदा `disconnected due to excessive missing ACKs`.

तारायंत्र

यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. जपून ठेवा.

फोनला −६४, राउटरला −७८. फरक चौदा. राउटर २७ ने बोलतोय, म्हणजे तुमचा फोन १३ च्या आसपास बोलतोय. अ‍ॅपचे आकडे दोनतीन डीबीने इकडेतिकडे असतात, पण चौदाचा फरक काही चुकून येत नाही.

आता वेग बघा. इथे `tx` म्हणजे राउटर फोनला पाठवतो तो, १६२. `rx` म्हणजे फोन राउटरला पाठवतो तो, २७. तोही कागदावरचा. त्यात पुन्हापुन्हा पाठवणं आलं, शेजाऱ्यांचं बोलणं आलं, मग हातात उरतं फार थोडं. दार लावलं की आणखी चारपाच डीबी जातात. फोनला −६९ म्हणजे अजूनही बऱ्यापैकी. राउटरला −८३, म्हणजे संपलं.

लॉगच्या दोन्ही ओळींचा अर्थ एकच: राउटरने पाठवलं, पोच आली नाही.

पिंगेश

एवढं कशाला? फोनवरून राउटरला पिंग मारा, लॉस दिसला की कळलं.

वैदेही_महापे

पिंग जातो आणि येतो. हरवला तर जाताना की येताना हे तो सांगत नाही. इथे नेमकं तेच हवंय.

एक लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, त्यावर `iperf3 -s` चालू ठेवा. दुसरा लॅपटॉप बेडरूममध्ये वाय-फायवर:

```
iperf3 -c 192.168.1.10
iperf3 -c 192.168.1.10 -R
```

पत्ता केबलवाल्या लॅपटॉपचा घाला. पहिली ओळ वर पाठवते, `-R` वाली खाली आणते. इंटरनेट मध्ये येतच नाही, म्हणून प्लॅनचा वादही मिटतो. लॅपटॉप साधारण फोनपेक्षा जोरात बोलतो, त्यामुळे फोनचे हाल याहून वाईट असं धरून चाला. फोनवरही आयपर्फची अ‍ॅप्स मिळतात.

घोडबंदरकर

फोनवरच केलं. वर १.८ एमबीपीएस, खाली ४१. आता १७ वर आणतो.

तारायंत्र

थांबा, आधी एक वेगळी गोष्ट करा. २.४ वर रुंदी ४० आहे ती २० मेगाहर्ट्झ करा. दुप्पट रुंदीने ऐकलं की दुप्पट गोंगाट आत येतो, म्हणजे तीन डीबी फुकट जातात. रुंदी अर्धी केली की ते तीन डीबी अपलोडला परत मिळतात. ठाण्यातल्या टॉवरमध्ये २.४ वर ४० ठेवणं हा शेजाऱ्यांवरही अन्याय आहे. सगळा पट्टा तेवढाच, त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११.

मग पॉवर:

```
uci set wireless.radio0.htmode='HT20'
uci set wireless.radio0.txpower='17'
uci commit wireless
wifi reload
```

`radio0` तुमच्याकडे ५ गिगाहर्ट्झचाही असू शकतो, `uci show wireless` मध्ये `band` बघून घ्या. राउटर नवा, वाय-फाय ६ चा असेल तर `HT20` च्या जागी `HE20`.

घोडबंदरकर

केलं. रुंदी २० केल्यावर अपलोड १.८ वरून ४ च्या जरा वर गेलं. मग पॉवर १७ केली. फोनला आता −७४, राउटरला तेच −७८. अपलोड चारच. डाउनलोड मात्र ४१ वरून २४ वर आलं आणि दांड्या दोन झाल्या. घरच्यांचं म्हणणं, ‘चांगलं चाललेलं बिघडवलंस.’

सगळीकडे लिहिलेलं असतं ‘पॉवर कमी करा, अपलोड सुधारेल’. मग सुधारलं का नाही?

कोपरखैरणे लोकल

घरच्यांना वाय-फायची एकच मोजपट्टी कळते, ती म्हणजे दांड्या. ती तुम्ही कमी केलीत, आता भोगा.

वैदेही_महापे

सुधारणार नव्हतंच. राउटरने आवाज कमी केला म्हणून फोनचा आवाज वाढत नाही. −७८ होतं, −७८ राहिलं. जे थोडं सुधारलं ते रुंदीमुळे.

तुमच्या घरात रेडिओ एकच आहे. बेडरूमला दुसरा पर्यायच नाही. अशा वेळी पॉवर उतरवण्याचा फायदा एवढाच की दांड्या खरं बोलायला लागतात आणि वाय-फाय फारच कमजोर झालं तर फोन आपणहून मोबाइल डेटावर जातो. त्यापलीकडे इलाज नाही. इलाज म्हणजे ऐकणारा कान बेडरूमजवळ नेणं: राउटर मध्यावर हलवा, नाहीतर आत एक अ‍ॅक्सेस पॉइंट लावा.

पॉवर कमी करण्याची खरी गरज त्यानंतर पडते. आयफोनचं उदाहरण घ्या, कारण अ‍ॅपलने आकडे जाहीर केले आहेत. चालू जोडणी −७० च्या खाली गेल्याशिवाय तो दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट शोधायलाच लागत नाही. शोधला तरी नवा किमान ८ डीबीने सरस हवा, फोन नुसता पडून असेल तर १२. आता तुमचेच आकडे बघा. हॉलचा राउटर २७ वर असता तर बेडरूममध्ये फोनला −६४ दिसतं. म्हणजे उशाशी नवाकोरा अ‍ॅक्सेस पॉइंट असला तरी फोन हॉललाच चिकटून राहणार, कारण त्याच्या मते सगळं छान चाललंय. हॉल १७ वर असेल तर −७४ दिसतं, फोन शोधायला निघतो, उशाशी −५० सापडतं, उडी मारतो.

अँड्रॉइडमध्ये हे आकडे कंपनीगणिक वेगळे, पण तऱ्हा तीच.

घोडबंदरकर

आता उलगडलं. जुना राउटर कपाटात आहे. टीव्हीच्या केबलचा पाइप हॉलमधून बेडरूमपर्यंत जातो, त्यातून कॅट ६ जाईल.

तारायंत्र

मग वेळ घालवू नका. मायवानच्या भिंतीत नव्याने भोक पाडायचं नाव काढू नका, ती भिंत भार घेणारी असते आणि सोसायटीही परवानगी देत नाही. जुना पाइप आहे हे नशीब. ओढताना आतली जुनी कोॲक्स केबलच दोरी म्हणून वापरा: तिच्या टोकाला कॅट ६ आणि एक जादा नायलॉनची दोरी टेपने बांधा. दोरी आत राहू द्या, पुढे कामाला येते. प्लग आधी चढवून ओढू नका, वळणावर अडकतो. ओढून झाल्यावर क्रिंप करा. त्या पाइपमध्ये विजेच्या तारा असतील तर त्यातून नेऊ नका.

जुन्या राउटरमध्ये डीएचसीपी बंद करा, त्याचा पत्ता `192.168.1.2` असा मुख्य राउटरच्या मालिकेतला पण मोकळा द्या आणि केबल वॅनमध्ये न खोचता लॅन पोर्टमध्ये खोचा. वॅनमध्ये खोचलीत तर घरात दोन वेगळी नेटवर्क होतील, प्रिंटर सापडणार नाही. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे अगदी सारखे. चॅनल मात्र वेगळे: हॉल १, बेडरूम ११. दोन्हीची पॉवर १७ पासून सुरू करा.

खारघरकरीण

इथेच विचारते. गीझरला स्मार्ट प्लग आहे. त्याच्या अ‍ॅपमध्ये सिग्नल −६२ दिसतो, तरी दिवसातून दोनदा ‘ऑफलाइन’. प्लगमधला अँटेना फालतू असतो म्हणून का?

अँटेनाप्रेमी

हो, सर्किटवर छापलेला इवलासा अँटेना. तोच गुन्हेगार.

वैदेही_महापे

गुन्हेगार असेलही, पण या गुन्ह्याचा नाही. फालतू अँटेना ऐकतानाही फालतूच. अ‍ॅपमध्ये जे −६२ दिसतंय त्यात त्याचा फालतूपणा आधीच वजा झालेला आहे. −६२ दिसूनही सुटत असेल तर फरक प्लगच्या पॉवरमध्ये किंवा राउटरजवळच्या गोंगाटात शोधायचा. राउटरला तो प्लग कितीवर ऐकू येतो?

खारघरकरीण

राउटर कंपनीने दिलेला आहे, त्यात जोडलेल्यांची नुसती नावं दिसतात. पण मागे यूएसबी हार्ड डिस्क लावली आहे, तिचा काही संबंध?

तारायंत्र

भलताच संबंध! यूएसबी ३ ची डिस्क आणि तिची केबल काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात, इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर कागद काढला होता. राउटरच्या पाठीलाच तो गोंगाट चिकटला की राउटर बहिरा होतो. प्लगला राउटर छान ऐकू येतो, राउटरला प्लग नाही. वरून बघता घोडबंदरकरांचाच रोग, पण पॉवर कमी करून ढिम्म फरक पडणार नाही.

ओळखायचं असं: डिस्क काढून दोन दिवस बघा. प्लग टिकला तर डिस्क परत लावताना जाड शिल्डची केबल घेऊन ती मीटरभर लांब ठेवा, किंवा पोर्ट यूएसबी २ वर चालवायची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती वापरा. ५ गिगाहर्ट्झवर हा त्रास होत नाही, पण बहुतेक प्लगना ५ कळतच नाही.

ऐरोली_आई

पॉवर कमी केली तर रेडिएशन कमी होतं ना? बाळाच्या खोलीत ठेवायचं आहे. धाग्याचा विषय तो नाही, तरी विचारते.

वैदेही_महापे

कमी होतं, पण राउटर दोन मीटरवर असला की मुळातच ते फार थोडं उरतं. अंगाला चिकटून असतो तो फोन. म्हणूनच फोनवर मर्यादा आहे: भारतात एक ग्रॅम ऊतीमागे किलोला १.६ वॅट, २०१२ पासून. फोन हळू बोलतो त्याचं एक कारण हे आणि दुसरं बॅटरी. काही फोन हातात किंवा कानाशी धरल्याचं ओळखून पॉवर आणखी उतरवतात, त्यामुळे टेबलावर ठेवून केलेली चाचणी प्रत्यक्ष कॉलपेक्षा बरी येते. घोडबंदरकर, तुम्हीही हातात धरून एकदा मोजा.

राउटरला अशी अडचण नाही. २.४ वर आपल्याकडे २००५ च्या नियमाने १ वॅट आणि अँटेना धरून ४ वॅटपर्यंत परवानगी आहे. म्हणून कायद्यात बसूनही राउटर फोनच्या कितीतरी पट जोरात ओरडू शकतो.

वाशी_जुनी_सीआयडीसीओ

कंपनीच्या राउटरमध्ये १००, ७५, ५०, २५ टक्के असे पर्याय आहेत. माझ्याकडे विटांच्या भिंती, घर लहान. ५० केलं तर रेंज अर्धी होईल ना?

तारायंत्र

नाही. ५० टक्के म्हणजे तीन डीबी कमी. घरात भिंतीबिंती धरून पोहोच साधारण पाचवा हिस्सा घटते. २५ टक्के म्हणजे सहा डीबी, पोहोच एक तृतीयांशाने कमी. तुमच्यासारख्या घरात ५० खुशाल ठेवा.

पिंगेश

हे टक्के खरंच काही करतात का? काही राउटरमध्ये १०० वरून २५ केलं तरी फोनवरचा आकडा हलत नाही.

वैदेही_महापे

काहींमध्ये नाहीच हलत. आधी राउटर रीस्टार्ट करून बघा. मग फोन एका जागी टेबलावर ठेवा, राउटर दिसेल अशा तीनचार मीटरवर, आणि दोन्ही सेटिंगला मिनिटभर आकडा बघा. १०० वरून २५ ला सहाच्या आसपास घट दिसायला हवी. दोनच दिसली तर सेटिंग बरंचसं नावापुरतं. तेव्हा राउटर हलवणं किंवा त्याचं वाय-फाय बंद करून स्वतःचा अ‍ॅक्सेस पॉइंट लावणं एवढंच हातात.

मेशवाला_घणसोली

माझ्याकडे तीन डब्यांचं मेश आहे, त्यात पॉवरचं सेटिंगच नाही. फोन कायम पहिल्याच डब्याला चिकटतो.

तारायंत्र

डबे फार जवळ असतील. मेश पॉवर आपली आपण ठरवतं असं डब्यावर लिहिलेलं असतं, बरीच मेश पूर्ण जोरातच चालतात. दोन डब्यांत निदान दोन भिंती येऊ द्या. पहिला डबा टीव्हीमागे दडपला असला तरी इथे ते फायद्याचं ठरू शकतं, हे ऐकायला विचित्र वाटेल. जमलं तर डबे केबलने जोडा.

अँटेनाप्रेमी

मेशवाल्यांना केबल सांगणं म्हणजे…

मेशवाला_घणसोली

केबल नको म्हणूनच तर मेश घेतलं हो 🙏

जुनाजाणता

ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांनी `disassoc_low_ack` शून्य करा. राउटर पोच न आल्यामुळे फोनला हाकलतो ते बंद होतं. घोडबंदरकरांच्या लॉगमधली ती ओळ गेलीच म्हणून समजा.

वैदेही_महापे

ओळ जाईल, दुखणं राहील. फोन मेल्यासारखा लटकून राहील आणि राउटर त्याच्यासाठी पुन्हापुन्हा पाठवत घरातल्या बाकीच्यांचा वेळ खाईल. एकच रेडिओ असेल आणि सारखं तुटणं नको असेल तर ठीक. दोन रेडिओ असतील तर हाकलणंच बरं, फोन जवळचा तरी शोधेल.

जुनाजाणता

स्मार्ट बल्बांना हाकललं की ते परत येतच नाहीत, त्यांच्यासाठी मी शून्यच ठेवणार. आपलं जमणार नाही.

घोडबंदरकर

केबल ओढली, जुना राउटर बेडरूममध्ये लावला, दोन्ही १७ वर. बेडरूममध्ये फोनला −५०, अ‍ॅक्सेस पॉइंटला फोन −५४. हातात धरल्यावर −५७. २.४ वरच अपलोड ३८. कॉल दार लावूनही स्वच्छ. मुद्दाम हॉल परत २७ वर नेऊन पाहिला: हॉलमधून चालत बेडरूममध्ये गेलो की फोन हॉललाच चिकटून, −६३ वर, कॉल पुन्हा तुटका. १७ केल्यावर पॅसेज संपता संपता उडी मारतो.

एकच राहिलं. बाहेरच्या सेफ्टी डोअरच्या चौकटीवर व्हिडिओ डोअरबेल आहे. ती २७ वर असताना कशीबशी चालायची, १७ वर जास्त वेळा सुटते. वैदेहींच्या हिशोबाने फरक पडायला नको होता, बेलचा आवाज तर तेवढाच आहे.

वैदेही_महापे

बेल राउटरला कितीवर ऐकू येते आणि बेलच्या अ‍ॅपमध्ये किती दिसतं?

घोडबंदरकर

राउटरला −६८. बेलच्या अ‍ॅपमध्ये १७ वर −७५, २७ वर −६५.

वैदेही_महापे

बघा, इथे उलटं आहे. बेल राउटरला −६८ वर ऐकू येते आणि राउटर बेलला −७५. म्हणजे १७ वर असताना राउटरच बेलपेक्षा हळू बोलतोय, किंवा बेलचं अ‍ॅप आकडे वाईट दाखवतंय. शिवाय बेल बाहेर लॉबीत, तिथे चारही फ्लॅटचे राउटर तिच्या कानाशी. गोंगाट तिच्या बाजूला जास्त, म्हणून तिला खालचा आवाज कमी पडतो. हॉल २० वर आणून बघा. बेडरूममध्ये फोनला तेव्हा −७१ च्या आसपास दिसेल, म्हणजे −७० च्या काठावर.

तारायंत्र

काठावर नको. चार फोनमधला एखादा अडकेलच. २० पेक्षा १९ करा आणि हॉलचा चॅनल लॉबीत कमी गर्दीचा कुठला ते बेलजवळ उभं राहून अ‍ॅनालायझरवर बघा. हॉलमध्ये बघून उपयोग नाही.

घोडबंदरकर

बेलजवळ चॅनल १ वर नऊ नेटवर्क, ६ वर चार. हॉल ६ वर, १९ डीबीएम. फोन अजून वेळेवर उडी मारतोय. बेल सकाळपासून एकदा सुटली, ती लिफ्टचं दार उघडं असताना सुटली की योगायोग, बघतो.

नेरुळचे नाना

माझ्यात ते टक्के सापडले. ५० केले. अडॅप्टर तोच ठेवला आहे.